रात्र खरी, सकाळ खोटी

खोटे रचणे हा माझा अर्धा धंदा आहे आणि खोटे पकडणे हा उरलेला अर्धा. रात्री मी कादंबऱ्या लिहिते. त्यांत कधी न जन्मलेल्या माणसांची लग्ने लावते, कधी न बांधलेले वाडे पाडते, आणि वाचक त्यावर खऱ्या डोळ्यांचे पाणी ढाळतात. सकाळी शाळेत जाते आणि 'गृहपाठाची वही गावाला राहिली' हे वाक्य आठवड्यातून चारदा ऐकून घेते. या दोन धंद्यांत विरोध आहे असे मला कधी वाटले नाही. माझ्या पुस्तकाच्या कव्हरवर 'कादंबरी' अशी चार अक्षरे छापलेली असतात, आणि ती माझी सारी पापे धुऊन टाकतात. वहीवर तसे काही छापलेले नसते, एवढाच काय तो फरक.

हा एवढाच फरक किती मोठा आहे, हे मला गेल्या काही वर्षांत रानावनात जगून दाखवणाऱ्या टीव्हीच्या कार्यक्रमांनी शिकवले. आमच्या भोसरीच्या घरी हे कार्यक्रम जेवणाच्या ताटासमोर बघितले जातात. तिकडे एक गोरा गृहस्थ किडा तोंडात टाकतो आणि इकडे आमची मुलगी पानातली शेपूची भाजी बाजूला सारते. कार्यक्रम संपला की वाद सुरू होतो. हे खरेच घडले का? तो खरेच एकटा होता का? मग हे चित्रण केले कोणी?

आमचे 'हे' चाकणच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहेत. पंचवीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांनी केलेले जॉब मोजण्यात घालवली आहेत. घरात वाद वाढला, की ते पाण्याचा पेला खाली ठेवून एकच वाक्य बोलतात, "आधी ड्रॉइंग बघायचं, मग जॉब." त्यांच्या खात्यात नव्याने आलेला पोरगा म्हणे जॉब हातात आला की लगेच मोजायला धावतो. पण काय मोजायचे हे ड्रॉइंगवर लिहिलेले असते. भोक वीस मिलिमीटरचे सांगितले असेल, तर वीसचेच बघायचे. बाहेरचा रंग उडाला आहे म्हणून जॉब रिजेक्शनच्या डब्यात टाकायचा नाही, आणि रंग झकास आहे म्हणून पासही करायचा नाही. हेच वाक्य मी रानातल्या त्या मंडळींना लावून पाहिले आणि बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

बेअर ग्रिल्स हे नाव आता आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. १२ ऑगस्ट २०१९ रोजी त्याचा पंतप्रधानांबरोबर कॉर्बेटच्या जंगलात केलेला भाग दाखवला गेला, तेव्हा तर आमच्या चाळवजा इमारतीत प्रत्येक दारातून त्याचाच आवाज येत होता. त्या भागात पंतप्रधान हिंदीत बोलत होते आणि तो इंग्रजीत. मग याला हिंदी कळते कसे, असा प्रश्न साऱ्या देशाला पडला. त्याचे उत्तर पंधरवड्याच्या आत पंतप्रधानांनीच आपल्या 'मन की बात'मध्ये दिले: ग्रिल्सच्या कानात एक छोटे बिनतारी यंत्र होते आणि त्यातून त्याला भाषांतर ऐकू येत होते. यात फसवणूक कोणतीच नव्हती. मला मौज वाटली ती एवढ्याचीच, की पडद्यावर दोनच माणसे दिसत होती आणि प्रत्यक्षात त्यांच्यामागे एक अख्खी न दिसणारी पलटण होती. कॅमेरेवाले, आवाजवाले, भाषांतरकार, पहारेकरी अशी ती सारी माणसे आपण पाहतच होतो, फक्त ती आपल्याला दिसत नव्हती.

या न दिसणाऱ्या माणसांवरूनच २००७ साली विलायतेत मोठी ओरड झाली होती. ग्रिल्सचा कार्यक्रम तेव्हा तेथे चॅनेल फोरवर लागत असे. त्यात तो एखाद्या वाळवंटात किंवा बेटावर सोडला जाई आणि तेथून आपली सुटका करून घेई. त्याच्याबरोबर काम केलेल्या एका सल्लागाराने वर्तमानपत्राला सांगितले, की कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेव्हाडा पर्वतातला भाग चित्रित होत असताना स्वारीच्या काही रात्री हॉटेलात गेल्या होत्या. पडद्यावर रानटी म्हणून दिसलेले घोडे पाळीव होते आणि त्या जागी आणून सोडलेले होते. हवाईतल्या भागात त्याने बांधलेला तराफा आधी चमूने बांधून पाहिला होता आणि मग पुन्हा सोडून ठेवला होता, म्हणजे तो पडद्यावर बांधता यावा. चौकशी झाली, काही भाग नव्याने कापून-जोडून दाखवले गेले, आणि पुढच्या भागांच्या आरंभी सूचना येऊ लागली, की चमू मदत करतो आणि काही प्रसंग दाखवण्यासाठी मुद्दाम उभे केलेले असतात. प्रेक्षकांची दिशाभूल झाली असेल तर क्षमा असावी, असे ग्रिल्सनेही म्हटले.

मुलीने हे ऐकले तेव्हा ती एकदम म्हणाली, "म्हणजे तो लबाडच!"

तिचे वडील म्हणाले, "ड्रॉइंग बघ." आणि खरेच, ड्रॉइंग पाहिले तर प्रकरण इतके सोपे राहत नाही. चॅनेलवाल्यांचे म्हणणे असे होते, की हा मनुष्य कोणाच्याही मदतीशिवाय एकटा जगला असा आमचा दावाच नव्हता. अमुक प्रसंगी काय करावे हे दाखवणारा हा कार्यक्रम आहे. आता तराफा आधी बांधून पाहिला म्हणून तराफा बांधण्याची रीत खोटी ठरत नाही. स्वयंपाकाच्या कार्यक्रमातली बाई कढईत मसाला टाकते आणि लगेच टेबलाखालून तयार भाजी काढते, तेव्हा आपण तिला लबाड म्हणतो का? शिवाय हाच ग्रिल्स १९९८ साली, तेवीस वर्षांचा असताना एव्हरेस्ट चढून आलेला आहे. अंगात धमक नाही असे कोणी म्हणू शकत नाही. बिघडले ते कव्हरवर. आतमध्ये प्रात्यक्षिक होते आणि बाहेर 'आपबीती' असे वाटावे अशी मांडणी होती. सूचना आली तेव्हा फार तर ती चार अक्षरे उशिरा छापली गेली असे म्हणता येईल.

याच्या उलट कॅनडाच्या लेस स्ट्राउडचे. त्याचे ड्रॉइंगच निराळे आहे. मी सात दिवस रानात एकटा राहीन, अन्न बरोबर नेणार नाही, आणि चित्रणही माझे मीच करीन, असा त्याचा दावा. हा दावा तपासता येतो, आणि तो कसा तपासायचा हे एकदा कळले की मग कोणताही 'एकटा' कार्यक्रम पाहताना डोळा आपोआप तेथे जातो. पडद्यावर एकटा माणूस दूर टेकडीकडे चालत जाताना दिसला, की आपण विचारायचे: कॅमेरा मागे राहिला, तो परत कोण आणणार? एकटा असेल तर त्याला स्वतःलाच परत यावे लागणार. म्हणजे तिवई उभी करायची, कॅमेरा चालू करायचा, टेकडी चढायची, परत उतरायची, कॅमेरा गोळा करायचा आणि पुन्हा तीच टेकडी चढायची. आपल्याला एकदा दिसलेले अंतर तो बिचारा तीनदा चालतो, तेही उपाशीपोटी आणि वीस किलोंहून अधिक यंत्रसामग्री वागवत. स्ट्राउडच्या कार्यक्रमात हे परत येणे अधूनमधून दाखवलेलेही आहे, आणि तो त्याबद्दल वैतागून बोलतोही.

म्हणून खऱ्या एकट्या माणसाच्या चित्रणाला एक वळण असते. कॅमेरा बहुधा स्थिर असतो, किंवा त्याच्याच हाताच्या अंतरावर असतो. तो चालला की कॅमेरा त्याच्याबरोबर मान वळवत नाही; तो चौकटीतून निघून जातो आणि मागे नुसते गवत हलत राहते. उलट, माणूस धावतो आहे, कॅमेरा त्याच्यामागे वळतो आहे, जवळ जातो आहे, त्याच्या पुढे होऊन त्याचा चेहरा टिपतो आहे, असे असेल तर तेथे दुसरे माणूस आहे. दुसरे माणूस असणे हा गुन्हा नाही. ते असताना 'एकटा' म्हणणे हा मात्र ड्रॉइंगबाहेरचा जॉब.

या ज्ञानाचा उपयोग करण्याची वेळ माझ्यावर फार लवकर आली. नववीच्या वर्गातल्या एका मुलाने 'डोंगरावर चोवीस तास, एकटा' अशी फिल्म मोबाईलवर केली. त्याचे आजोळ चाकणच्या पलीकडे, भामचंद्राच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. तुकोबांच्या चिंतनाची जागा म्हणून आपण ज्या डोंगराला हात जोडतो, त्याच्याच अंगाखांद्यावर या चिरंजिवांनी काड्यापेटीशिवाय जाळ केला, रानातला पाला चाखला आणि दगडाच्या आडोशाला रात्र काढली. वर्गात त्याचा भाव एकदम वधारला. माझ्या कानावर आले ते निराळेच: पुढच्या पावसाळ्यात अशाच एका अवघड किल्ल्यावर एकट्याने जाण्याचा बेत त्याने आखला होता, आणि दोघे-तिघे त्याच्याहून लहान पोरगे तसेच करायला निघाले होते. त्यामुळे नुसते कौतुक करून किंवा नुसते रागावून भागणार नव्हते. मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावले आणि म्हटले, "मला नीट दाखव बरं. मला कादंबरीत घालायचंय."

आम्ही दोघांनी ती फिल्म तीनदा पाहिली. पहिला प्रसंग संध्याकाळचा होता. एका एकांड्या झाडाशेजारी उभा राहून तो म्हणत होता, की आता सूर्य मावळतो आहे. झाडाची लांब सावली चाकणच्या बाजूस, कारखान्यांच्या पत्र्यांकडे पडली होती. हे बरोबरच होते. सूर्य पश्चिमेला, सावली पूर्वेला. पुढे रात्र होती. नुसता अंधार, आणि खाली दूरवर कारखान्यांचे दिवे रांगेने लागलेले. मग सकाळ. त्याच झाडाशेजारी उभा राहून, डोळे चोळत, तो म्हणत होता, "मित्रांनो, चोवीस तास पूर्ण झाले." मी तेथे चित्र थांबवले आणि विचारले, "सूर्य कुठं उगवतो रे?"

"पूर्वेला, बाई."

"मग सकाळी सावली कुठं पडायला हवी?"

त्याने पडद्याकडे पाहिले. सावली होती तेथेच होती, चाकणच्या बाजूस, तितकीच लांब. पोर हुशार, त्याचा चेहरा माझ्या प्रश्नाच्या आधीच उतरला.

आता येथे एक सावधगिरी बाळगावी लागते, आणि ती मी आमच्या यांच्याकडून शिकले आहे. गेज एका टोकाला अडला म्हणजे ते भोक चुकले एवढेच सिद्ध होते. अख्खा जॉब चुकला असे होत नाही. सावलीने एवढेच सांगितले, की सकाळचा म्हणून दाखवलेला प्रसंग संध्याकाळी टिपला आहे. तो रात्रभर डोंगरावर नव्हता, असे सावली सांगत नव्हती. उलट ते दिवे वेगळेच सांगत होते. तसे रांगेने लागलेले दिवे त्या उंचीवरून दिसतात, घराच्या ओट्यावरून दिसत नाहीत; तेव्हा अंधार पडल्यावर पोर वर होते हे निश्चित. म्हणून मी 'तू खोटं बोललास' असे म्हटले नाही. मी म्हटले, "सकाळी काय झालं?"

मग सारे बाहेर आले. रात्री मोबाईल चालू राहिला तर सकाळपर्यंत चार्जिंग उरणार नाही हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने संध्याकाळीच सकाळ उरकून घेतली होती. रात्र मात्र त्याने खरोखरच वर काढली होती. आणि जाळ? घासण्याचा प्रसंग आणि पेटल्याचा प्रसंग यांच्यामध्ये कात्री लागलेली होती, हे मी आधीच पाहिले होते. त्या कात्रीत काड्यापेटी होती. ती काड्यापेटी मामाची होती, आणि मामा रात्रभर चार हातांवर घोंगडी पांघरून झोपला होता.

म्हणजे 'डोंगरावर चोवीस तास, एकटा' या एका वाक्यात तीन दावे होते. डोंगरावर हा खरा निघाला. चोवीस तास हा अर्धामुर्धा. एकटा हा साफ खोटा. पण पुढच्या पावसाळ्यात जीव घेणारा दावा हा तिसराच होता. कारण लहान पोरांनी रात्र पाहिली, जाळ पाहिला, मामा पाहिला नाही. तो ग्रिल्स कड्यावरून उडी मारतो तेव्हा खाली खोली मोजून ठेवलेली असते आणि दोरवाले उभे असतात. पाहणारा पोरगा उडी तेवढी घेऊन जातो, खोली मोजणारा माणूस तेथेच राहतो.

यावर कोणी म्हणेल, की पोरांच्या खेळाचे एवढे काय! पण हाच खेळ मोठ्या माणसांनी, आपल्या पुण्याच्याच दोघांनी, फार मोठ्या डोंगरावर केला आणि त्याची चौकशी जगाने पाहिली. २०१६ साली पुणे पोलिसांत शिपाई असलेल्या दिनेश आणि तारकेश्वरी राठोड या दांपत्याने जाहीर केले, की आपण २३ मे रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचलो. हा मान मिळवणारे आपण पहिले भारतीय दांपत्य. जूनच्या आरंभी काठमांडूत पत्रकारांपुढे त्यांनी ते सांगितले. नेपाळच्या पर्यटन विभागाचे प्रमाणपत्रही मिळाले. ते प्रमाणपत्र मिळते कसे, हे कळले की पुढचे समजते: माथ्यावरचे छायाचित्र, बरोबरच्या शेर्पांचे म्हणणे, आणि मोहीम नेणाऱ्या संस्थेचा व संपर्क अधिकाऱ्याचा अहवाल. कागदावर हे भक्कम वाटते. पण माथ्यावर सरकारचा कोणी माणूस बसलेला नसतो. शेवटी सारा भार छायाचित्रावर आणि शेर्पांच्या शब्दावर येतो.

संशय प्रथम आला तो पुण्यातल्याच गिर्यारोहकांना, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची मोहीम २०१२ साली एव्हरेस्टवर जाऊन आलेली. त्यामुळे त्या वाटेची पायरीन् पायरी जाणणारी माणसे आपल्या शहरात होती. त्यांनी भावनेला हात घातला नाही. त्यांनी कपडे पाहिले. चढाईच्या छायाचित्रांत दांपत्याच्या अंगावर दोन निरनिराळ्या तऱ्हेचे पोशाख आणि बूट दिसत होते. आपण म्हणू, त्यात काय, बदलले असतील! पण त्या उंचीवर बूट बदलणे म्हणजे लग्नात साडी बदलणे नव्हे. तेथे पाय उघडा पडला तर बोटे गोठतात, आणि एकेक किलो ओझे जिवावर येते. तेव्हा वर जाताना दुसरा जाड पोशाख आणि दुसरे बूट कोणी सहसा नेत नाही. ज्याला थंडी ठाऊक आहे त्यालाच हा प्रश्न सुचतो.

मग मूळ छायाचित्रच पुढे आले. बंगळूरुला राहणारे सत्यरूप सिद्धांत हे गिर्यारोहक दोनच दिवस आधी, २१ मे रोजी, माथ्यावर जाऊन आले होते. राठोडांची म्हणून दाखवलेली छायाचित्रे पाहून त्यांनी सांगितले, की ही माझी आहेत. माणूस आणि फलक तेवढे बदलले आहेत. ज्या छायाचित्राला मागेपुढे भावंडे नसतात त्याचे असेच होते. खरा चढणारा माथ्यावर एकच चित्र घेत नाही. आधीचे, नंतरचे, डोळे मिटलेले, फलक उलटा धरलेले, अशी पाच-दहा चित्रे त्याच्याकडे असतात आणि ती एकमेकांची साक्ष देतात. उसने आणलेले चित्र मात्र एकटेच येते.

राठोड दांपत्याने आरोप नाकारले. नेपाळच्या विभागाने छायाचित्रांची छाननी केली, माणसांना विचारले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये निर्णय दिला: प्रमाणपत्र रद्द, आणि नेपाळात दहा वर्षे गिर्यारोहणाला बंदी. विचारणा करूनही दांपत्याने सहकार्य केले नाही, असे विभागाने सांगितले. पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी दोघांना नोकरीतून काढून टाकले.

अशीच आणखी एक गोष्ट हरियाणाच्या नरेंद्रसिंग यादव यांची. त्यांनीही २०१६च्याच मोसमात माथा गाठल्याचे सांगितले होते आणि प्रमाणपत्र मिळवले होते. २०२० साली तेनझिंग नोर्गे पुरस्कारासाठी त्यांचे नाव आले तेव्हा लोकांनी त्यांचे छायाचित्र नीट न्याहाळले. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, पण त्यापासून नळकांड्यापर्यंत जाणारी नळी दिसत नव्हती. आणि गॉगलच्या काचेत बर्फाचे किंवा समोरच्या माणसाचे प्रतिबिंबही नव्हते. नेपाळने चौकशी करून २०२१ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. बंदी संपताच, २०२२ साली, ते पुन्हा गेले आणि या वेळी पुराव्यासह माथ्यावर पोहोचले. ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मुले टाळ्या वाजवतात. मी त्यांना टाळ्या वाजवू देते, आणि मग विचारते, "मग आता २०१६चं खरं झालं का?" वर्ग गप्प होतो. चढू शकणारा मनुष्य आणि चढलेला मनुष्य या दोन निराळ्या व्यक्ती आहेत, एकाच अंगरख्यात असल्या तरी. तपासायचे असते ते धाडस नव्हे, तर त्या दिवशीचे जाणे.

हे सारे तपासायला स्वतः डोंगर चढावा लागतो असेही नाही. काठमांडूत एलिझाबेथ हॉली नावाच्या एक अमेरिकन वार्ताहर बाई १९६० पासून राहत होत्या. २०१८ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारल्या. त्यांनी आयुष्यात एकही हिमशिखर चढले नाही. पण मोहीम शहरात उतरली, की या बाई हॉटेलात हजर होत आणि चढलेल्या माणसाची उलटतपासणी घेत. कोणत्या वाटेने गेलात, कोणता तळ कधी सोडलात, बरोबर कोण होते, माथ्यावरून काय दिसले? हजारो चढायांची टिपणे त्यांनी अशी जमवली, आणि शंका असेल तेथे शंका म्हणून नोंदवली. मोठमोठे गिर्यारोहक त्या बाईंना वचकून असत. माझ्यासारख्या टेकडी चढताना धापा टाकणाऱ्या बाईला हे वाचून केवढा धीर आला!

त्यांच्या प्रश्नांत मर्म होते ते असे, की खऱ्या माणसाला आपल्या प्रवासातली निरुपयोगी माहिती आठवते. बूट कुठे चावला, कोणत्या वळणावर कोण ओकला, चहा कसा जळका होता. खोटे रचणारा महत्त्वाचेच तेवढे रचतो; क्षुल्लक रचायला त्याला सुचत नाही. कादंबरी लिहिणाऱ्या बाईचा शब्द यावर तरी माना. आम्हांला सगळ्यांत अधिक घाम फुटतो तो नायकाच्या मरणाने नव्हे, तर त्या दिवशी घरात भाजी कोणती होती हे ठरवताना.

माझ्या त्या विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत आणखी एक फिल्म केली आहे आणि ती मला पाठवली आहे. या वेळी डोंगर नाही, आजोळच्या विहिरीवरची एक रात्र आहे. आरंभीच मामा विडी ओढत समोर येतो आणि लाजत हात जोडतो. जाळ काड्यापेटीनेच केला आहे, आणि तो पहिल्या दोन काड्यांना पेटत नाही. कात्री कुठेच नाही. सकाळच्या प्रसंगात विहिरीच्या रहाटाची सावली पश्चिमेला पडली आहे. ती त्याने मुद्दाम बोटाने दाखवली आहे, आणि तेवढ्यात मागून त्याची आजी ओरडते आहे, की मेल्या, चहा निवला.

तो चहा मात्र कोणाला रचता आला नसता.